टोपीसह मैदानावर

दुपारच्या सत्राची शाळा. बारा वीसला घंटा होते आणि मुलं उघड्या मैदानावर प्रार्थनेसाठी रांगा लावतात. पुण्या-मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा-पाऊणच्या सुमारास. म्हणजे प्रार्थनेची वेळ आणि अतिनील किरणांच्या सर्वाधिक माऱ्याची वेळ जवळजवळ एकच. बहुतेक मुलांना या पंधरा मिनिटांत घाम येतो, बाकी काही होत नाही. पण रांगेत अल्बिनिझम असलेली सहावीतली एखादी मुलगी असेल, तर तिची मान आणि कान तेवढ्या वेळातही भाजू शकतात.

अल्बिनिझममध्ये त्वचेला, केसांना आणि डोळ्यांना रंग देणारं मेलॅनिन शरीरात जन्मापासूनच फार कमी तयार होतं किंवा होतच नाही. हे कोड नव्हे आणि ते संसर्गानं पसरतही नाही. मेलॅनिन हे त्वचेचं उन्हापासूनचं नैसर्गिक संरक्षण असतं. ते नसलं की त्वचा पटकन पोळते, आणि वर्षानुवर्षं पोळत राहिली तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही आणि चष्मा लावूनही दृष्टी सहसा पूर्ण सुधारत नाही.

अशा मुलीचे आईवडील मुख्याध्यापकांना अर्ज लिहितात, तेव्हा तो बहुधा असा असतो: ‘माझ्या मुलीला ऊन सहन होत नाही, तरी कृपया काळजी घ्यावी.’ शाळा खरोखरच काळजी घेते. मुलीला मैदानावर न्यायचं बंद करते. खेळाच्या तासाला ती वर्गात एकटी बसते, सहलीला ‘तू नको येऊस बाळा’ म्हणून तिला मायेनं थांबवलं जातं. कुणाच्याही मनात वाईट नसतं. अर्जानं नेमकं काय हवं ते सांगितलेलं नसतं, इतकंच.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचंही असंच होतं. ‘उन्हात जाऊ नये’ एवढंच लिहिलं असेल, तर ती चिठ्ठी दाखवून शाळा मुलीला दहावीपर्यंत सावलीत बसवू शकते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे वाक्य मागून घ्यावं: ‘रुंद काठाची टोपी, अंगभर कपडे आणि सनस्क्रीन वापरून हिने मैदानावरील सर्व उपक्रमांत भाग घ्यावा.’ तपासणी तीच, निदानही तेच, पण शाळेला करायची गोष्ट पूर्ण वेगळी.

मग अर्जाचा मजकूर साधारण असा होईल:

‘मा. मुख्याध्यापिका बाई, सा. न. माझी मुलगी इयत्ता सहावीत शिकते. तिला जन्मजात अल्बिनिझम आहे. तिने प्रार्थना, खेळाचा तास, स्नेहसंमेलनाचा सराव, सहल या सगळ्यांत भाग घ्यावा अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी तीन गोष्टींची परवानगी द्यावी, ही विनंती. तिला मैदानावर गणवेशाच्या रंगाची, चारही बाजूंनी काठ असलेली टोपी आणि डॉक्टरांनी दिलेला गडद काचांचा चष्मा घालू द्यावा. दप्तरात सनस्क्रीन ठेवू द्यावं आणि मैदानावर जाण्याआधी पाच मिनिटं ते स्वतः लावू द्यावं. प्रार्थनेच्या वेळी सावली असेल त्या टोकाला उभं राहू द्यावं. सनस्क्रीन आम्ही घरून देऊ, शिक्षकांनी ते लावायची गरज नाही. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.’

चारही बाजूंनी काठ कशाला? शाळांमध्ये सर्रास दिसणारी पी-कॅप कपाळ आणि नाक झाकते, कान आणि मान उघडीच राहतात. काठ सहा-सात सेंटिमीटरचा, कापड दाट विणीचं आणि काठाची खालची बाजू गडद असावी. खालून पांढरा काठ असला की जमिनीवरून आलेला उजेड त्यावर आपटून डोळ्यांत जातो. रंग गणवेशाचाच घेतला, तर शिस्तीचा आक्षेप आपोआप गळतो. ध्वजवंदनाला टोपी काढायला लावतील का, ही पालकांची नेहमीची चिंता. ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहावं, ही ध्वजसंहितेची अपेक्षा टोपी घालूनही पाळता येते, आणि स्काउटची मुलं डोक्यावर टोपी ठेवूनच सलामी देतात. तरी अर्जात याचा उल्लेख केलेला बरा, नाहीतर प्रश्न नेमका पंधरा ऑगस्टच्या सकाळी उभा राहतो.

सनस्क्रीनची अडचण वेगळी असते. भारतात कायद्याच्या दृष्टीनं ते सौंदर्यप्रसाधन आहे, आणि दप्तरात प्रसाधनं आणायला बऱ्याच शाळांची बंदी असते. अमेरिकेत ते औषध मानलं जातं, त्यामुळे तिथे अनेक शाळांत ते लावायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत असे. २०१२च्या जून महिन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात दोन बहिणी शाळेच्या मैदानी खेळांच्या दिवशी वाईट भाजल्या. त्यातल्या एकीला अल्बिनिझमचा एक प्रकार होता. सकाळी पाऊस होता म्हणून आईनं सनस्क्रीन लावलं नव्हतं, मग ऊन पडलं, आणि चिठ्ठी नसल्यामुळे शाळेत ते लावता आलं नाही. चिठ्ठीविना सनस्क्रीन वापरू देणारा कायदा त्या राज्यात २०१७ साली झाला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून ती परवानगी अर्जातूनच घ्यावी लागते.

टॅकोमाच्या त्या सकाळीत जुलै-ऑगस्टसाठीही इशारा आहे. ढगांतून अतिनील किरणं बरीच खाली येतात, ऊन मात्र जाणवत नाही. शिवाय भाजणं लगेच दिसतही नाही. लाली चढायला सहसा तीन-चार तास किंवा अधिक लागतात आणि ती सर्वांत जास्त दिसते ती दुसऱ्या दिवशी. म्हणून ‘त्रास झाला तर सावलीत बसू द्या’ हे वाक्य अर्जात नकोच. त्रास कळेपर्यंत शाळा सुटलेली असते. संध्याकाळी घरी कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पायमोज्यांच्या वरची नडगी पाहावी. तिथे गुलाबी पट्टा दिसला, तर त्या दिवशी काय राहून गेलं ते मुलीला विचारावं.

बहुधा राहून जातं ते दुसऱ्यांदा लावणं. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेलं सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं लावायचं आणि मैदानावर असताना दर दोन तासांनी, घाम आला तर आधीच, पुन्हा लावायचं. बारा वाजता घरून लावून निघालेल्या मुलीचा खेळाचा तास अडीचला असेल, तर तोवर त्याचा भरवसा उरलेला नसतो. अर्जातली ती पाच मिनिटं यासाठीच मागायची. मुलं बोटावर चिमूटभर घेऊन चेहऱ्याला पुसतात. चेहरा आणि मान मिळून जवळजवळ चमचाभर लागतं, हे तिला घरी आरशासमोर एकदा मोजून दाखवावं.

मुख्याध्यापक नाही म्हणाले तर? अल्बिनिझम हे नाव दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत नाही, पण ‘अल्पदृष्टी’ आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी असेल, तर मूल त्यात बसू शकतं. प्रमाणपत्र असेल, तर कलम १६ नुसार शासनमान्य शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असते. मात्र पहिल्याच अर्जात कलम घालू नये. वाचणारा लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि रोजचा संबंध त्याच्याशीच असतो. शिवाय सगळ्याच मुलांची दृष्टी इतकी कमी नसते, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांचं पत्र हाच आधार.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. मुख्याध्यापकांची संमती मिळाली तरी टोपी काढायला सांगणारे असतात पीटीचे सर, त्यामुळे एक झेरॉक्स त्यांच्या हातात आणि एक वर्गशिक्षिकेकडे द्यावी. तिसरी मुलीच्या दप्तरात राहू द्यावी, कारण बदलीवर आलेल्या शिक्षकांना काहीच ठाऊक नसतं. जून महिन्यात वर्ग बदलला, वेळापत्रक बदललं की अर्जही नव्या वेळांसह पुन्हा द्यावा.