पाच टक्के, पण कशाचे?

ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर केव्हीए आणि व्होल्टेजच्या खाली एक छोटा आकडा असतो: इम्पिडन्स, अमुक टक्के. शॉर्ट सर्किट झाले तर किती करंट धावेल, हे बरेचसे या आकड्यावर अवलंबून असते. ब्रेकर तो करंट तोडू शकेल की स्वतःच फुटेल, याचा हिशोबही इथूनच सुरू होतो.

हा आकडा चाचणीतून येतो. ट्रान्सफॉर्मरची एक बाजू शॉर्ट करतात आणि दुसऱ्या बाजूला व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवत नेतात. पूर्ण भाराचा करंट वाहू लागला की थांबतात. ११,००० व्होल्टच्या बाजूला त्या वेळी ५५० व्होल्ट लागले, तर इम्पिडन्स ५ टक्के. म्हणजे हीच बाजू पूर्ण ११,००० व्होल्टवर असताना पलीकडे शॉर्ट झाले, तर पूर्ण भाराच्या वीसपट करंट वाहील. १००० केव्हीए, ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा करंट १,३३३ अँपिअर असतो. त्याची वीसपट सुमारे २६.७ किलोअँपिअर होते. मागची वीजयंत्रणा कितीही बलाढ्य असो, हा ट्रान्सफॉर्मर याहून जास्त करंट पलीकडे जाऊ देणार नाही. हा आकडा लक्षात ठेवू, पुढे तो उपयोगी पडेल.

आता एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. वीज ३३ केव्हीवर येते आणि त्या जागी महावितरणने कळवलेली फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए आहे. आवारात ५ एमव्हीएचा ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर आहे, इम्पिडन्स ७.१५ टक्के. तिथून निघालेल्या ११ केव्हीच्या केबलचा इम्पिडन्स ०.२४२ ओहम आहे. केबलच्या टोकाला १ एमव्हीएचा ११ केव्ही/४३३ व्होल्ट ट्रान्सफॉर्मर आहे, इम्पिडन्स ५ टक्के. त्याच्या ४३३ व्होल्टच्या मुख्य पॅनेलवर शॉर्ट झाले, तर करंट किती?

वाटेतले चारही अडथळे एकामागोमाग एक आहेत, त्यामुळे त्यांची बेरीज करायची. पण एक अडथळा एमव्हीएत दिला आहे, एक ओहममध्ये आणि दोन टक्क्यांत. टक्केसुद्धा थेट मिळवता येत नाहीत, कारण ७.१५ टक्के हे ५ एमव्हीएचे आहेत आणि ५ टक्के १ एमव्हीएचे. अपूर्णांकांची बेरीज करण्याआधी आपण छेद समान करतो, तेच इथे करायचे आहे. त्या समान छेदाला ‘बेस’ म्हणतात आणि त्यावर मांडलेल्या किमतीला ‘पर युनिट’. बेस कोणताही निवडला तरी शेवटचे उत्तर तेच येते. आपण १० एमव्हीए घेऊ.

महावितरणच्या बाजूचा इम्पिडन्स १० भागिले ५००, म्हणजे ०.०२. पहिल्या ट्रान्सफॉर्मरचे ०.०७१५ हे ५ एमव्हीएवरचे आहेत. बेस दुप्पट झाल्यावर तेही दुप्पट होतात: ०.१४३. दुसऱ्याचे ०.०५ हे १ एमव्हीएवरचे, म्हणून ते दहापट होतात: ०.५. केबलसाठी आधी ११ केव्हीवरचा बेस ओहम काढायचा. केव्हीचा वर्ग भागिले एमव्हीए, म्हणजे १२१ भागिले १०, १२.१ ओहम. ०.२४२ ला १२.१ ने भागले की ०.०२ मिळतात.

चौघांची बेरीज ०.६८३. ४३३ व्होल्टवर १० एमव्हीएचा करंट १३,३३४ अँपिअर होतो. त्याला ०.६८३ ने भागले की सुमारे १९.५ किलोअँपिअर येतात. मघाच्या २६.७ च्या मर्यादेपेक्षा हे कमी आहे, आणि तसेच असायला हवे. छेद समान न करता दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे टक्के तसेच मिळवले असते, तर बेरीज ०.१६१५ झाली असती आणि उत्तर ८२ किलोअँपिअरच्या वर गेले असते. एकट्या ट्रान्सफॉर्मरच्या मर्यादेची तिप्पट! कागदावरची चूक पकडायला याहून सोपी कसोटी नाही.

या बेरजेत आपण दोन ट्रान्सफॉर्मर ओलांडले, तरी कुठेही ओहम एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेत बसलो नाही. याचे कारण दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर पाहता येते. त्याचा इम्पिडन्स ११ केव्हीच्या बाजूने मोजला तर ६.०५ ओहम भरतो, ४३३ व्होल्टच्या बाजूने जेमतेम ९.४ मिलिओहम. फरक ६४५ पट, म्हणजे व्होल्टेजच्या गुणोत्तराचा वर्ग. पण दोन्ही बाजूंच्या बेस ओहममधला फरकही नेमका ६४५ पटच आहे. म्हणून भागाकार दोन्हीकडे एकच येतो.

याचीच दुसरी बाजू अशी, की ४३३ व्होल्टवरचा क्षुल्लक वाटणारा ओहम फार वजनदार असतो. पॅनेलपुढच्या केबलचा अवघा १ मिलिओहम या हिशोबात ०.०५३ होतो. ११ केव्हीवरची ०.२४२ ओहमची सबंध केबल फक्त ०.०२ होती.

मात्र ओहम असे जुळून यायचे, तर बेस व्होल्टेज एकाच ठिकाणी निवडायचे आणि पुढे प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तराने न्यायचे: ३३ केव्ही, मग ११ केव्ही, मग ४३३ व्होल्ट. चूक बहुधा शेवटच्या पायरीवर होते. प्रणालीचे नाममात्र व्होल्टेज ४१५ म्हणून तिथे ४१५ लिहिले जाते, पण ट्रान्सफॉर्मरचे ५ टक्के ४३३ वरचे असतात. आपल्या उदाहरणात उत्तर १९.५ ऐवजी २०.४ येईल. ८२ सारखा आकडा लगेच डोळ्यांत भरतो. हा चार-पाच टक्क्यांचा फरक मात्र कुणाच्या नजरेत येत नाही.

या सोप्या बेरजेच्या मर्यादाही आहेत. इम्पिडन्समध्ये रोध आणि रिअ‍ॅक्टन्स असे दोन घटक असतात. आपण नुसती परिमाणे मिळवली, त्यामुळे बेरीज थोडी जास्त आणि करंट थोडा कमी येतो, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला झुकते. ट्रान्सफॉर्मरमध्ये रिअ‍ॅक्टन्सच मोठा असल्याने फरक किरकोळ राहतो. ४३३ व्होल्टच्या लांब केबलमध्ये रोध वरचढ असतो, तिथे दोन्ही घटक वेगळे मिळवावेत. शिवाय शॉर्ट होताच चालू असलेल्या मोटारीही काही क्षण फॉल्टकडे करंट ढकलतात. तो ट्रान्सफॉर्मरमधून येत नाही, म्हणून आपल्या मर्यादेबाहेरचा असतो आणि वेगळा धरावा लागतो.

आता या कारखान्यात २५ किलोअँपिअरचे ब्रेकर बसवले आहेत असे समजा. मोटारींचा वाटा लहान असेल, तर १९.५ साठी ते पुरतात. पुढे काम वाढते, तसाच दुसरा १ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर शेजारी येतो आणि दोन्ही एकाच बसबारवर समांतर चालू लागतात. ०.५ च्या जागी ०.२५ होतात, बेरीज ०.४३३ वर उतरते आणि करंट ३०.८ किलोअँपिअरवर चढतो. जुन्या ब्रेकरला हात लागलेला नसतो, भार दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये वाटला गेल्याने सगळे पूर्वीपेक्षा सुरळीत दिसते, आणि तरीही तो ब्रेकर आता अपुरा असतो. म्हणून दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडण्याआधी, बसकपलर बंद करून दोन्ही बाजू एकत्र आणण्याआधी, ही बेरीज पुन्हा मांडायला हवी. ब्रेकर बदलायचे नसतील, तर दोन्ही बसबार वेगळे ठेवावेत आणि कपलर व दोन्ही इनकमर एकाच वेळी चालू होणार नाहीत असे इंटरलॉक बसवावे.