लिटरभर दुधातली साखर

सोलापुरात दुधाची ओळख म्हशीपासून सुरू होते. लांब, तलवारीसारख्या मागे गेलेल्या शिंगांची पंढरपुरी म्हैस याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे नाव लावते, आणि घराघरांत रतीबाच्या पातेल्यावर सकाळी जी जाड साय धरते ती बहुतेक अशाच म्हशींची असते. घरात कोणाला मधुमेह निघाला की पहिली गदा या दुधावर येते. 'म्हशीचे दूध जड, साय तर शुगरला विषच, आता गाईचे दूध घ्या किंवा बंदच करा', असा सल्ला शेजारपाजारहून लगेच मिळतो. पथ्य सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण या सल्ल्यात साय आणि साखर यांची गल्लत झालेली असते, आणि ती सोडवली की दूध, दही, पनीर यांचे कोडे बरेचसे उलगडते.

साय म्हणजे स्निग्धांश. तो रक्तातली साखर थेट वाढवत नाही. साखर वाढवते ती दुधातली साखर, लॅक्टोज, आणि ती सायीत नसून पाण्यात विरघळलेली असते. गाईचे असो वा म्हशीचे, पिशवीतले टोन्ड असो वा फुल क्रीम, शंभर मिलिलिटर दुधात ती पाच ग्रॅमच्या आसपासच असते. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये सहा. बदलतो तो हा आकडा. म्हणून साय काढून दूध प्यायले तर उष्मांक कमी होतात, वजनाला आणि हृदयाला ते बरे, पण ग्लुकोमीटरवरच्या आकड्यात त्याने फारसा उतार दिसत नाही. उलट साय गेल्यावर दूध जठरातून थोडे लवकर पुढे सरकते.

तेव्हा हिशेब लिटरचा धरू. घरी आलेल्या एका लिटर दुधात साधारण पन्नास ग्रॅम लॅक्टोज आहे. त्याचे आपण काय करतो, यावर त्या पन्नास ग्रॅमांचे भवितव्य ठरते.

नुसते तापवून प्यायले, तर काहीच बदलत नाही. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात दहा ग्रॅम लॅक्टोज पोटात जाते. लॅक्टोज हा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचा जोड आहे. आतड्यात तो फुटतो, ग्लुकोज सरळ रक्तात जाते, गॅलॅक्टोजला आधी यकृतात जावे लागते. म्हणून दुधाने साखर चढते ती सावकाश आणि बेताने. शिवाय दुधातली प्रथिने इन्सुलिनला जागे करतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2001 साली निरोगी माणसांवर हे मोजले. पांढऱ्या पावाच्या तुलनेत दुधाने रक्तातली साखर खूपच कमी चढली, पण इन्सुलिन मात्र जवळजवळ पावाइतकेच स्रवले. पनीर करताना जे हिरवट पाणी उरते त्यातली व्हे प्रथिने यामागे आहेत.

इथे एक सावधगिरी. 2014 साली इस्रायलमध्ये झालेल्या एका प्रयोगात टाइप टू मधुमेह असलेल्या पंधरा जणांना साखर चटकन चढवणाऱ्या न्याहारीआधी व्हे प्रथिने दिली, तेव्हा त्यांची नंतरची साखर सरासरी अठ्ठावीस टक्क्यांनी कमी राहिली. ही बातमी अनेकांनी 'जेवणाआधी दूध प्या' अशी ऐकली. पण त्या प्रयोगातली मात्रा पन्नास ग्रॅम होती. तेवढी व्हे प्रथिने दुधातून मिळवायची तर पाच-सहा लिटरांहून जास्त दूध प्यावे लागेल. पेलाभर दुधाकडून औषधाची अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

याच लिटरला विरजण लावले, तर जंतू कामाला लागतात. लॅक्टोज खाऊन ते त्याचे आम्ल करतात. मात्र ते सगळी साखर फस्त करतात हा समज खरा नाही. दही घट्ट लागेपर्यंत साधारण पाव ते एक तृतीयांश लॅक्टोज संपते. शंभर ग्रॅमच्या वाटीत तीन-चार ग्रॅम उरतेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत चढते, आंबट होते, आणि मग त्यावर चमचाभर साखर पडते. जंतूंनी वाटीमागे एक-दीड ग्रॅम साखर वाचवली आणि आपण पाच ग्रॅम घातली. आंबट दह्यावर उपाय म्हणून ते घुसळून ताक करावे, जिरेपूड लावावी; रक्तदाब असेल तर मीठ मात्र हात राखून.

दह्याबद्दल 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक विधान छापायला परवानगी दिली: आठवड्यात निदान दोन कप दही खाणाऱ्यांत टाइप टू मधुमेहाचा धोका कमी असू शकतो. त्याला 'मर्यादित पुराव्यानुसार' ही पुस्ती जोडलेली आहे, आणि हे विधान मधुमेह होण्याच्या धोक्याबद्दल आहे. झालेला मधुमेह दह्याने उतरतो असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

पनीर केले, तर साखर बहुतेक मोरीत जाते. दूध उकळून लिंबू पिळले की प्रथिने आणि स्निग्धांश गोळा होतात, लॅक्टोज पाण्याबरोबर निथळते. लिटरभर म्हशीच्या दुधाचे दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर होते आणि त्यात सगळी मिळून चार-पाच ग्रॅम साखर राहते. जेवणानंतरची शुगर ज्यांना छळते त्यांच्यासाठी तिघांत पनीर सगळ्यांत सौम्य. पण शंभर ग्रॅम पनीरमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणून रोजचे माप पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत ठेवावे. जे जेवणाआधी इन्सुलिन घेतात त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पनीरची भरगच्च भाजी खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चार-पाच तासांनी, झोपेत, वर जातो. स्निग्धांश आणि प्रथिने यांचा परिणाम उशिरा येतो. टाइप वनच्या रुग्णांना हे विशेष जाणवते.

बाजारच्या स्वस्त पनीरचा प्रश्न वेगळा आहे. त्यात वनस्पती तेल आणि स्टार्च घातलेले असू शकते, आणि स्टार्च म्हणजे पुन्हा पिष्टच. तुकडा पाण्यात उकळून गार करावा, वर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. तो तुकडा मग टाकून द्यावा.

आणि आता दिवाळीचा मार्ग, बासुंदीचा. आटवताना उडून जाते ते पाणी; लॅक्टोजचा कणही उडत नाही. लिटरचे चारशे मिलिलिटर केले आणि शंभर ग्रॅम साखर घातली, तर एकूण दीडशे ग्रॅम साखर चार वाट्यांत बसली, म्हणजे वाटीला सदतीस ग्रॅमांच्या पुढे. खव्याचेही तेच. 'शुगर फ्री' लिहिलेल्या पेढ्यात वरून घातलेली साखर नसली, तरी खव्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा जास्त लॅक्टोज असतेच. ते पाकिटावर ठळक अक्षरांत नसते.

हे सगळे ताटात मांडून पाहिल्याशिवाय पुरे होत नाही, म्हणून सोलापूरचेच जेवण घेऊ. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. मध्यम भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ लागते आणि त्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. दोन भाकऱ्यांचे सत्तर. वाटीभर दह्याचे चार. एकूण चौऱ्याहत्तर. दह्याऐवजी भाकरी दीडशे मिलिलिटर दुधात कुस्करली तर साडेसत्याहत्तर. फरक साडेतीन ग्रॅमांचा. मग शुगर चढली तर तिचा दोष दुधाला द्यायचा की दुसऱ्या भाकरीला? एक भाकरी आणि वाटीभर दही, जोडीला पालेभाजी आणि चटणी असे ताट केले, तर कर्बोदके चाळीसच्या घरात येतात. कडक भाकरीत आणखी एक फसगत आहे. ती हाताला हलकी लागते, कारण तिच्यातले पाणी गेलेले असते. पीठ गेलेले नसते. दह्यात मोडून खाताना तीन कधी संपल्या ते कळत नाही.

स्वतःच्या अंगावर काय होते हे ग्लुकोमीटरने पाहता येते, पण पद्धत नेमकी हवी. हात साबणाने धुऊन पुसावेत. बोटाला पेढ्याचा कण लागलेला असला तरी आकडा खोटा वाढतो. जेवणाआधी एक वाचन, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरे. शेवटच्या घासापासून नव्हे. बहुतेक प्रौढांत हे दुसरे वाचन 180 च्या खाली हवे, वृद्धांना आणि वारंवार हायपो होणाऱ्यांना डॉक्टर वेगळी हद्द घालून देतात. घरगुती यंत्राला पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. म्हणून दह्याच्या दिवशी 168 आणि दुधाच्या दिवशी 176 आले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तेच जेवण, त्याच वेळी, तीन वेळा करावे. तिन्ही वेळा पंचवीस-तीसचा फरक एकाच बाजूला पडला, तर तो मानावा.

रात्रीच्या दुधाचा वाद याच रीतीने मिटतो. सकाळची उपाशीपोटीची शुगर वाढलेली दिसली की कालच्या पेल्यावर खापर फुटते. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडते, आणि बऱ्याच जणांत कारण तेच असते. रात्रीचे जेवण आणि गोळ्या तशाच ठेवून तीन रात्री दूध घ्यावे, तीन रात्री घेऊ नये, आणि सकाळचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. दूध बिनसाखरेचे हवे, आणि त्यात बुडवायला बिस्किटे नकोत, नाहीतर मोजणी बिस्किटांचीच होते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर दूध-पनीर किती घ्यायचे हे फॉस्फरस आणि प्रथिनांवर ठरते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

एका प्रसंगी मात्र दुधाचा हा संथपणा घातक ठरतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटला, हात थरथरले, आकडा 70 च्या खाली आला, की घरातले लोक घाईने सायीचे दूध पुढे करतात. त्यातली साखर थोडी, तिच्यातली अर्धी यकृताकडे वळणारी, आणि सायीमुळे सगळेच जठरात रेंगाळणारे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजून 70 च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. आकडा वर आल्यावर, पुढचे जेवण लांब असेल तर, पेलाभर दूध किंवा दह्यासोबत अर्धी भाकरी द्यावी. तो आकडा तिथे टिकून राहायला तेव्हा दुधाचा उपयोग होतो.