सरासरीचा पाऊस कुठेच पडत नाही

गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून raincoat हा शब्द पाच वर्षांसाठी पाहिला, की दर पावसाळ्याला एक सुळका उभा दिसतो. जाहिरातीचा खर्च ठरवणारा या सुळक्यांची सरासरी काढतो, वहीत ‘जून’ असं लिहितो आणि एक तारखेपासून पैसे ओतू लागतो. घोटाळा इथेच होतो. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ मध्ये २५ जूनला पोचला, २०२४ मध्ये ९ जूनला आणि २०२५ मध्ये चक्क २६ मे रोजी. तारखा महिनाभर पुढेमागे झालेल्या असताना काढलेली सरासरी एक बुटका, पसरट उंचवटा दाखवते, आणि तसा उंचवटा प्रत्यक्षात कुठल्याच वर्षी आलेला नसतो. त्याच्या भरवशावर २०२३ मध्ये ज्याने खर्च केला असेल, त्याचे तीन आठवडे कोरडेच गेले असतील.

उपाय सोपा आहे, फक्त तो कॅलेंडर बाजूला ठेवून करायचा. पाच वर्षांचे साप्ताहिक आकडे एकाच वेळी उतरवून घ्या. ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही. त्या काळातल्या सर्वांत वरच्या आठवड्याला १०० मानून बाकीचे आठवडे त्याच्या प्रमाणात मांडतं. त्यामुळे वेगवेगळ्या वेळी उतरवलेले तुकडे जोडले तर एकातले १०० दुसऱ्यातल्या १०० शी जुळत नाहीत. मग प्रत्येक वर्षी आपल्या शहरात पाऊस पोचला तो आठवडा शून्य धरा, आधीचे उणे एक, उणे दोन, नंतरचे अधिक एक, अधिक दोन. आता सुळके एकमेकांवर ठेवून पाहा. समजा, शून्याचा आणि त्यापुढचा असे दोनच आठवडे हंगामातल्या शोधांपैकी दोन तृतीयांश वाटा उचलताना दिसले. ६० हजारांच्या अंदाजपत्रकातले ४० हजार मग कुठल्याही तारखेला न बांधता राखून ठेवायचे. ते कधी सोडायचे, याचा इशारा हवामान विभाग दर गुरुवारी देतो, त्याच्या पुढच्या चार आठवड्यांच्या विस्तारित अंदाजात. त्या दिवशीच रोजची मर्यादा वाढवून ठेवावी. गूगल ॲड्स एखाद्या दिवशी ठरल्या रकमेच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं, त्यापुढे नाही. मर्यादा हजाराची असली, तर पहिल्या धो धो पावसाच्या दिवशी जाहिरात दुपारीच गायब होऊ शकते.

यावर कुणी म्हणेल, पाऊसच लहरी झालाय, मागची वर्षं काय शिकवणार? पण आपण मागच्या वर्षांकडून तारीख मागतच नाही. पाऊस आणि शोध यांच्यातलं अंतर तेवढं मागतो, आणि ते माणसाच्या सवयीवर ठरतं. दुचाकीवाला भिजल्यावरच रेनकोट शोधतो. खरी अडचण वळवाची आहे. मे महिन्यात एक सर आली की रेषा उसळते आणि पाऊस आल्याचा भास होतो. वळवाची उसळी पुढच्याच आठवड्यात खाली बसते, म्हणून नुसत्या रेषेवर न जाता गुरुवारचा अंदाज तिच्याशी ताडून पाहायचा. लहान मुलांच्या रेनकोटांचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा. ती खरेदी शाळेच्या घंटेला बांधलेली असते, आणि विदर्भात ती घंटा उशिरा वाजते.

वॉटरप्रूफिंगला हेच गणित जसंच्या तसं लावणं महागात पडतं. तिथेही waterproofing, terrace leakage या शब्दांचे शोध पावसात चढतात, पण त्या आठवड्यांत काम होत नाही. गच्चीवरचा फुटका ब्रिकबॅट कोबा उखडायचा, भेगा भरायच्या, लेप द्यायचा आणि पाणी साठवून चाचणी घ्यायची, तर पृष्ठभाग आधी कोरडा लागतो. मग जुलैत जाहिरात बंदच ठेवावी का? माझ्या मते नाही, मजकूर बदलावा. छताला ओल कुठून येते, हे भर पावसातच नीट दिसतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ‘पावसाआधी काम पूर्ण’ असं सांगावं आणि जुलैत फक्त पाहणी विकावी. गृहनिर्माण संस्थेला तोवर कोटेशनं मागवायची असतात, वार्षिक सभेची मंजुरी घ्यायची असते, आणि त्या सभेची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत असते. जुलैतल्या क्लिकची विक्री अशी नोव्हेंबरात दिसू शकते. महिनाअखेरीस हिशेब करणाऱ्याला ती जाहिरात वाया गेली असं वाटतं आणि तो नेमकी तीच बंद करतो. त्यापेक्षा पाहणीसाठी आलेल्या प्रत्येक फोनपुढे तारीख लिहून ती यादी जपावी. मुंबईतून मोसमी पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. यादीतला पहिला फोन त्यानंतरच्या आठवड्यात करा.