छायाचित्रातला चढ आणि पाणसळीची साक्ष

रस्त्याचा किंवा रॅम्पचा चढ म्हणजे आडव्या अंतराच्या तुलनेत वाढलेली उंची. बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढत असेल, तर तो चढ १ : १२ असा लिहिला जातो, शेकडेवारीत तो ८.३ टक्के आणि कोनात जेमतेम पावणेपाच अंश भरतो. अपंग व्यक्तींसाठीच्या भारतातील सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रॅम्पसाठी हीच कमाल मर्यादा मानली जाते, आणि चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत वर जाणाऱ्या माणसाच्या खांद्यांना १ : १२ आणि १ : १० यांतला फरक फार जड पडतो. मात्र कोनाच्या हिशेबात हा फरक एका अंशाहूनही कमी आहे. तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही आणि बाजूने काढलेल्या साध्या छायाचित्रातही कळत नाही, कारण फोन हातात किती तिरका धरला होता हे छायाचित्र सांगत नाही, आणि एक-दोन अंशांचा तिरकेपणा तर कोणाच्याही हातात असतो.

न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरातल्या बाल्डविन स्ट्रीट या अतिशय उभ्या रस्त्याची अनेक छायाचित्रे कॅमेरा मुद्दाम तिरपा धरून काढलेली असतात. त्यांत रस्ता सपाट दिसतो आणि घरे जमिनीत कललेली दिसतात, म्हणजे चित्रातील आडवी दिशा हरवली की चढही हरवतो. ही दिशा चित्रात पुन्हा आणून ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गवंड्याच्या पिशवीतली पाणसळ. तिच्या काचनळीचा वरचा भाग किंचित कमानदार असतो, आतल्या स्पिरिटमधला बुडबुडा नेहमी त्या कमानीच्या सर्वांत उंच जागी जाऊन थांबतो, आणि तो दोन रेघांच्या मधोमध आला की पाणसळीची कड क्षितिजसमांतर झालेली असते.

मोजणीची कृती साधी आहे. पाणसळीचे एक टोक रॅम्पच्या कडेवर टेकवावे, उताराकडील टोकाखाली विटेचे तुकडे किंवा लाकडी पाचर सारत बुडबुडा मध्यावर आणावा आणि पाणसळ चढाच्याच दिशेने, वरून पाहता रॅम्पच्या कडेला समांतर राहील हे पाहावे. मग काही पावले मागे जाऊन, कॅमेरा पाणसळीच्याच उंचीवर धरून, रॅम्पच्या लांबीशी काटकोनात उभे राहून छायाचित्र घ्यावे. रुंद कोनाच्या भिंगाने चित्राच्या कडेच्या सरळ रेषा वाकतात, म्हणून जवळून सगळे मावेल अशा भिंगापेक्षा दुरून थोडे मोठे करून काढलेले चित्र बरे, आणि मोजायच्या रेषाही चित्राच्या मध्यभागाजवळ याव्यात. बुडबुडा मध्यावर असल्याचे दाखवणारे दुसरे, जवळून घेतलेले चित्र सोबत ठेवले नाही, तर पुढच्या सगळ्या हिशेबाला पुरावा राहत नाही.

पुढील आकडे कल्पित असले तरी एखाद्या कार्यालयाच्या दाराशी सहज आढळतील असे आहेत. पाणसळ ६०० मिलिमीटर लांब आणि ५० मिलिमीटर उंच आहे. चित्रात तिची कड आडव्या दिशेने १८०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे तितके सूक्ष्म ठिपके, पसरली असून तेवढ्यात तिचे उजवे टोक ३६ पिक्सेल खाली गेले आहे, तर रॅम्पची कड उजवीकडे २५०० पिक्सेल जाताना १७५ पिक्सेल वर चढते. केवळ रॅम्पची कड पाहिली तर चढ १७५ भागिले २५००, म्हणजे ०.०७ किंवा १ : १४ येतो आणि रॅम्प नियमात बसतो. परंतु जी पाणसळ प्रत्यक्षात आडवी आहे तीच चित्रात ०.०२ इतकी उजवीकडे उतरते आहे, याचा अर्थ सगळे चित्रच तेवढे फिरलेले आहे. दोन्ही कोन, म्हणजे ४ अंश आणि १.१५ अंश, एकत्र केले की ५.१५ अंश होतात आणि त्यांचा चढ ०.०९, म्हणजे सुमारे १ : ११ निघतो. नियमात बसलेला रॅम्प पाणसळीच्या साक्षीने नियमाबाहेर जातो.

येथवर पाणसळीने कॅमेऱ्याचा तिरकेपणा काढून टाकला. पण ती आणखी एक काम करते, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. छायाचित्रकार काटकोनात न राहता एका बाजूला सरकला, तर आडवी अंतरे आखडतात, उंची तशीच राहते आणि चढ खऱ्याहून अधिक दिसतो: तीस अंश बाजूला सरकल्यास १ : १२ चा रॅम्प सुमारे १ : १०.४ भासतो. याउलट, उभे राहून खाली पाहत चित्र काढले तर उंची आखडते आणि चढ सौम्य दिसतो. तीस अंश खाली वळलेल्या कॅमेऱ्यात तोच रॅम्प जवळपास १ : १४ होतो. बहुतेक लोक उभ्यानेच चित्र काढतात, त्यामुळे ही दुसरी चूक अधिक घडते आणि ती नेमकी सदोष रॅम्पच्या बाजूने झुकते. ती ओळखण्यासाठी पाणसळीच्या चित्रातील लांबीला तिच्या उंचीने भागावे, मात्र उंची घेताना समोरची बाजूच मोजावी, वरून दिसणारी पट्टी त्यात मिसळू नये. वरील उदाहरणात हे गुणोत्तर १२ यायला हवे. पण पाणसळीची उंची १५० ऐवजी १४७ पिक्सेल भरली, तर ते १२.२४ येते आणि कॅमेरा थोडा खाली वळलेला होता हे कळते. मोजलेल्या चढाला १२.२४ भागिले १२ ने गुणले की ०.०९२, म्हणजे १ : १०.९ मिळते. कॅमेरा बाजूला सरकलेला असता तर गुणोत्तर १२ हून कमी आले असते आणि याच गुणाकाराने चढ कमी झाला असता.

पाणसळीवर आंधळा विश्वास मात्र ठेवता येत नाही. वापरात आपटलेल्या पाणसळीचा बुडबुडा सरकलेला असतो. ती त्याच जागी उलटसुलट टोकांनी ठेवून पाहिली आणि बुडबुडा दोन्ही वेळा वेगवेगळ्या जागी थांबला, तर त्या फरकाचा निम्मा भाग हा तिचा स्वतःचा दोष असतो. टोकाचा बिंदू निवडताना दोन पिक्सेल चुकले तर १८०० पिक्सेलच्या लांबीवर चढात सुमारे ०.००१ चा फरक पडतो. खडबडीत काँक्रीटची कड नेमकी कुठे धरायची, हा प्रश्न त्याहून मोठा ठरतो. सगळे मिळून ०.००३ इतकी चूक गृहीत धरणे योग्य, आणि त्या हिशेबात वरचा रॅम्प १ : १०.५ आणि १ : ११.२ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, म्हणजे १ : १२ च्या मर्यादेबाहेर निश्चितच आहे. हिशेब ०.०८५ आला असता तर छायाचित्रावरून निवाडा देणे अप्रामाणिक झाले असते. तेव्हा फीत घेऊन रॅम्पची लांबी आणि उंची प्रत्यक्ष मोजावी लागते.

लांब रस्त्यासाठी पाणसळ रस्त्याच्या कडेला ठेवून उपयोग नाही, कारण दूरवरून ती मूठभर पिक्सेलांत मावते. अशा वेळी तिपाईवर कॅमेऱ्यासमोर, भिंगाच्या उंचीवर आणि दृष्टीच्या दिशेला आडवी अशी पाणसळ ठेवली, तर चित्राचा तिरकेपणा ती तितक्याच नीट दाखवते, मात्र रस्त्याच्या प्रतलात नसल्यामुळे लांबी-उंचीच्या गुणोत्तराची दुरुस्ती तिच्याकडून मिळत नाही. रस्ता वळणाचा असेल तर आतली कड मधल्या रेषेपेक्षा अधिक चढाची असते. वेल्समधील हार्लेक येथील रस्त्याला २०१९ मध्ये मिळालेला सर्वांत उभ्या रस्त्याचा मान २०२० मध्ये पुन्हा बाल्डविन स्ट्रीटकडे गेला, तो मोजणी मधल्या रेषेवर करावी असे ठरल्यामुळेच. म्हणून चढाच्या आकड्याशेजारी तो कोणत्या रेषेवर मोजला, हेही लिहावे लागते.