अर्ध्या इंचाचा हिशेब

घराचं बांधकाम छतापर्यंत आलं, की गवंडी आणि घरमालक यांच्यात एक बोलणं ठरलेलं असतं. आतल्या गिलाव्याला माल कसा धरायचा, चारास एक की सहास एक? मालकाला वाटतं, सिमेंट जास्त म्हणजे भिंत मजबूत. ठेकेदाराला वाटतं, सहास एक चालतंय तर गोणी कशाला वाया घालवायची? या चर्चेत तासभर जातो. मात्र ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त सिमेंट आणि वाळू खर्ची पडते, त्या जाडीबद्दल फारसं कोणी विचारत नाही. ‘अर्धा इंच’ असं कोणीतरी म्हणतं आणि तो विषय तिथेच संपतो.

हा अर्धा इंच प्रत्यक्षात किती माल खातो, हे एका खोलीवर मांडून पाहता येतं. खोली १२ बाय १० फुटांची, उंची १० फूट, भिंती विटांच्या. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यातून ७ बाय ३ फुटांचा दरवाजा आणि ४ बाय ४ फुटांची खिडकी वजा केली, तर ४०३ उरतात. हिशेबाला सरळ ४०० धरू. छताचा गिलावा वेगळा असतो आणि तो पातळ, साधारण ६ मिलिमीटरचा असतो. तो यात धरलेला नाही.

एका फुटात २४ अर्धे इंच असतात. म्हणून ४०० चौरस फुटांवर अर्धा इंच थर द्यायचा, तर ४०० भागिले २४, म्हणजे जवळपास पावणेसतरा घनफूट ओला माल लागेल. कागदावर हे उत्तर बरोबर आहे, पण भिंत कागदासारखी सपाट नसते. विटांमधले सांधे गिलाव्याआधी सेंटीमीटरभर खोल खरवडलेले असतात आणि ते तसे असायलाच हवेत, कारण त्या खाचांमध्येच गिलावा पकड घेतो. शिवाय विटा थोड्या पुढे-मागे असतात, कोपरे तुटलेले असतात. या सगळ्या खळग्यांत माल भरला जातो. त्यासाठी २० टक्के वाढवून धरण्याची पद्धत आहे. मग ओला माल होतो २० घनफूट.

पुढची पायरी अनेकांना चकवते. २० घनफूट ओल्या मालासाठी कोरडं सिमेंट आणि वाळू मिळून २० घनफूट पुरत नाहीत. पोत्यातल्या ज्वारीवर पीठ ओतून पोतं हलवलं, तर पीठ दाण्यांमधल्या फटींत जिरतं, तसंच इथे होतं. वाळूच्या कणांमध्ये भरपूर पोकळी असते, सिमेंट त्यात जाऊन बसतं, पाणी पडल्यावर कण आणखी दाटून येतात आणि आकारमान घटतं. म्हणून कोरड्या मालाचा अंदाज करताना ३० टक्के आणखी वाढवतात. २० चे झाले २६ घनफूट.

आता चारास एकचं प्रमाण लावायचं. एकूण पाच भाग, त्यातला एक भाग सिमेंटचा. २६ भागिले ५ म्हणजे ५.२ घनफूट सिमेंट आणि २०.८ घनफूट वाळू. ५० किलोच्या एका गोणीत सव्वा घनफुटाला किंचित कमी सिमेंट असतं, म्हणून गोण्या लागतात सव्वाचार. वाळू साधारण २१ घनफूट, आणि १०० घनफुटांचा एक ब्रास या मापाने ब्रासचा पाचवा हिस्सा. एका गोणीत शंभरेक चौरस फूट गिलावा होतो, असं जुने मिस्त्री सांगतात, ते या हिशेबाच्या अगदी जवळचं आहे.

हेच काम सहास एकने केलं तर? २६ भागिले ७. सिमेंट लागतं ३ गोण्या, वाळू सव्वाबावीस घनफूट. म्हणजे ज्या प्रमाणावरून एवढी घासाघीस होते, त्यातून अख्ख्या खोलीमागे सव्वा गोणीचा फरक पडतो. कोरड्या राहणाऱ्या आतल्या भिंतींना सहास एकचा माल पुरतो, हेही लक्षात घ्यायला हवं. सिमेंट वाढवलं की गिलावा सुकताना जास्त आकसतो आणि त्यावर बारीक चिरा पडतात. जास्त सिमेंट म्हणजे जास्त चांगला गिलावा, ही समजूत चुकीची आहे.

सव्वा गोणीचा हा फरक मनात ठेवून जाडीकडे वळलं, की खरा खर्च दिसायला लागतो. समजा, त्या खोलीतली १२ फुटी भिंत ओळंब्यात नाही. खालपासून वरपर्यंत एक इंचाने कललेली आहे. डोळ्यांना हा कल सहसा कळत नाही. पण गिलावा सरळ आणायचा, तर एका टोकाला अर्धा इंच आणि दुसऱ्या टोकाला दीड इंच थर द्यावा लागतो. सरासरी जाडी होते एक इंच, म्हणजे ठरल्याच्या दुप्पट. भिंतीचं क्षेत्रफळ १२० चौरस फूट. सरळ असती, तर तिला चारास एकच्या मालात सव्वा गोणी पुरली असती. आता वरचा पाच घनफूट ओला माल म्हणजे साडेसहा घनफूट कोरडा माल, त्यात एक गोणीहून थोडं जास्त सिमेंट आणि पाच घनफुटांहून जास्त वाळू. चारास एकचं सहास एक करून सगळ्या खोलीत जे वाचवलं, त्यातलं बहुतेक एका वाकड्या भिंतीने खाल्लं.

म्हणून माल मागवण्याआधी भिंती तपासणं अत्यंत गरजेचं आहे. त्याला लागतो एक ओळंबा, एक दोरी आणि टेप. भिंतीच्या वरून ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून भिंतीचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजून तिथेच पेन्सिलीने लिहायचं. प्रत्येक भिंतीवर तीन-चार ठिकाणी असं केलं, की भिंत कुठे फुगली आहे आणि कुठे आत गेली आहे ते आकड्यांत समोर येतं. सगळ्यात पुढे आलेल्या जागी गिलाव्याची जाडी कमीत कमी किती ठेवायची हे ठरलं, की बाकीच्या जागांची जाडी आपोआप ठरते. चांगला मिस्त्री त्याच आकड्यांवरून भिंतीवर मालाचे ठिय्ये लावतो, ते ओळंब्यात आणतो आणि नंतर त्यांच्या पातळीत पट्टी ओढतो. ठिय्ये न लावता नजरेच्या अंदाजाने पट्टी मारली, तर जाडी कुठे किती गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. नऊ इंची भिंत बांधताना गवंडी एकच बाजू दोरीत धरतो. विटांची लांबी थोडी कमी-जास्त असते, आणि तो सगळा कमी-जास्तपणा दुसऱ्या बाजूला येतो. त्यामुळे सरळ बाजूला १२ मिलिमीटर पुरतात, तर खडबडीत बाजूला १५ धरावे लागतात. बाहेरून दोरी धरली असेल, तर खडबडीत बाजू खोलीत येते आणि आतला माल तेवढा वाढतो.

जिथे थर दीड इंचावर जातो, तिथे तो एका दमात मारू नये. ओला माल स्वतःच्या वजनाने खाली सरकतो, फुगवटे येतात आणि भिंतीपासून सुटून आत पोकळी राहते. आधी अर्ध्या इंचाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच त्यावर रेघा ओढून खरबरीत करायचा, आणि तो घट्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी मारून पुढचा थर चढवायचा. घाईत एकाच थरात उरकलेला गिलावा नंतर बोटाच्या पेराने ठोकून ओळखता येतो. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ.

हिशेब बिघडवणारी दुसरी गोष्ट वाळूतच असते. कोरड्या वाळूत थोडं पाणी मिसळलं, की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, कण एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि ढीग फुगतो. बारीक वाळू दमट असली, तर ती २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त फुगू शकते. मग बिगाऱ्याने चार घमेली वाळू घातली, तरी खऱ्या मापाने ती सव्वातीनच्या आसपास भरते. माल चारास एकचा समजला, तरी तो झालेला असतो सव्वातीनास एक. त्या खोलीत सव्वाचारऐवजी पाच गोण्या लागतात आणि वर चिराही पडतात. वाळू ट्रकवर दमट आली, तर ब्रासच्या मापातही तेवढीच तूट येते.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या सरळ उभ्या बरणीत दमट वाळू सैलसर भरून तिची उंची मोजायची. मग ती बाहेर काढून, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन, तीच वाळू हळूहळू परत टाकायची आणि ढवळायची. पाण्यात पूर्ण बुडालेली वाळू फुगत नाही, ती कोरड्या वाळूइतकीच जागा घेते. आधीची उंची २० सेंटीमीटर आणि नंतरची १६ आली, तर वाळू २५ टक्के फुगलेली आहे. मग चार मापांऐवजी पाच मापं घालायची.

मापही घमेल्याने न घेतलेलं बरं, कारण एक घमेलं शिगोशीग भरतं, तर दुसरं काठापर्यंत. ४० बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरची लाकडी पेटी ३५ लिटरची असते, आणि एका गोणीतलं सिमेंट जवळजवळ तेवढंच भरतं. ती पेटी करून घेतली, की एक गोणी आणि चार पेट्या वाळू, एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

महाराष्ट्रात आता गिलाव्यालाही काळ्या दगडाची क्रश सँड सर्रास वापरतात. ती धुतलेली आणि गिलाव्यासाठी बारीक चाळलेली असेल, तर काम उत्तम होतं. पण क्रशरची नुसती भुकटी त्यात मिसळलेली असेल, तर माल जास्त पाणी मागतो, आणि ते पाणी उडालं की भिंतीवर जाळीसारख्या चिरा उमटतात. भिंत लवकर घोटता यावी म्हणून ओल्या गिलाव्यावर कोरडं सिमेंट फेकण्याची सवयही अशाच चिरा आणते. त्यात हिशेबाबाहेरचं सिमेंट जातं ते वेगळंच.

काम सुरू झाल्यावर हिशेब तपासायला पहिली पूर्ण भिंत पुरते. दार-खिडकी नसलेली १२ बाय १० ची ती भिंत चारास एकच्या मालाने झाली, की रिकाम्या गोण्या मोजायच्या. सव्वाच्या आसपास गेल्या असतील, तर बाकीच्या भिंतींसाठी काढलेला आकडा भरवशाचा आहे. दोनच्या वर गेल्या असतील, तर दुसरी भिंत हाती घेण्याआधी पेन्सिलीने लिहिलेली अंतरं पुन्हा पाहायची आणि वाळूची बरणी पुन्हा भरायची.