‘कल’ म्हणजे काल की उद्या?

हिंदी मुलाखतींचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर काम करणार असाल, तर एका छोट्या शब्दापाशी थांबा. माझी चूक तिथेच झाली होती. बांधकाम मजुरांच्या मुलाखती होत्या, प्रश्न मजुरी वेळेवर मिळते का हा. एका मजुराचं वाक्य होतं, ‘कल ठेकेदार आया तो पैसे मिल जाएँगे.’ ‘आया’ दिसलं, भूतकाळ समजलो आणि ‘कल’साठी ‘येस्टरडे’ लिहून मोकळा झालो. म्हणजे माझ्या कागदावर ठेकेदार काल येऊन गेला होता. प्रत्यक्षात तो आलेलाच नव्हता, आणि उद्या येईल याचीही खात्री नव्हती!

हिंदीत ‘कल’ म्हणजे आजपासून एक दिवस दूर. मागे की पुढे, हे तो शब्द सांगत नाही. आपल्याला याचं नवल वाटायला नको, कारण मराठीतला ‘परवा’ नेमका तसाच आहे. ‘परवा गेलो होतो’ आणि ‘परवा जाणार आहे’, दोन्ही आपण बिनदिक्कत बोलतो. ‘कल’चं मूळ संस्कृत ‘कल्य’, म्हणजे पहाट. आपला ‘काल’ही त्याच घरातला, फक्त मराठीत तो मागच्या दिवसाला चिकटला आणि पुढच्यासाठी ‘उद्या’ आला. म्हणून ‘कल’ वाचताना आपला पहिला कौल नकळत ‘काल’कडे जातो. ही मराठी माणसाची खास अडचण.

बहुतेक वेळा क्रियापद निकाल लावतं. ‘कल गया था’ म्हणजे काल, ‘कल जाऊँगा’ म्हणजे उद्या. ‘कल जा रहा हूँ’ यात वर्तमानकाळ असला तरी अर्थ उद्याचाच. पण कुठलं क्रियापद बघायचं, हा खरा प्रश्न आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

‘कल ठेकेदार आया तो पैसे मिल गए.’
‘कल ठेकेदार आया तो पैसे मिल जाएँगे.’

‘तो’पर्यंत अक्षराचाही फरक नाही. पहिल्यात काल ठेकेदार आला तेव्हा पैसे मिळाले, दुसऱ्यात उद्या आला तर मिळतील. ‘तेव्हा’ आणि ‘तर’ मराठीत वेगळे आहेत, हिंदीत दोन्हीकडे ‘तो’ चालतो. शिवाय अटीच्या वाक्यात ‘आया’ हे रूप घडून गेलेली गोष्ट सांगत नाही (आपण ‘उद्या तो आला तर’ म्हणतो, तसंच). म्हणजे ‘कल’च्या जवळचं क्रियापद इथे फसवतं आणि वाक्याच्या टोकाचं खरं सांगतं. टोकापर्यंत न वाचता ‘येस्टरडे’ टाकायचं नाही.

आता याहून अवघड प्रकार. मुलाखत गुरुवारी झाली आणि मजूर म्हणाला, ‘सोमवार को उसने कहा था कि कल दूँगा.’ ‘दूँगा’ भविष्यकाळ आहे, म्हणून ‘टुमारो’? पण हा ‘कल’ सोमवारी उभं राहून मोजलेला आहे. तो दिवस मंगळवार, म्हणजे मुलाखतीच्या आधीच उलटून गेलेला. ठेकेदाराचे शब्द अवतरणात दिले तर इंग्रजीत ‘टुमारो’ चालेल. एरवी ‘द नेक्स्ट डे’ लिहावं लागतं. नाहीतर वाचणारा समजेल की पैसे शुक्रवारी मिळणार आहेत, आणि वायदा मोडल्याची नोंदच गायब होईल.

‘कल को कुछ हो गया तो’ यातल्या ‘कल को’साठी तर ‘टुमारो’सुद्धा बहुतेक वेळा चुकीचं. ‘पुढेमागे कधी काही झालं तर’ असा तो अर्थ आहे. इंग्रजीत ‘समडे’ जवळचं.

आणि क्रियापदच उपयोगी पडत नसेल तर? ‘कल का पैसा अलग रखा है.’ कालची मजुरी बाजूला ठेवली आहे, की उद्याच्या खर्चाचे पैसे? हे वाक्य कितीही वेळा वाचलं तरी कळणार नाही. आधी भाड्याचं बोलणं चाललं होतं का, ते बघावं लागतं. ‘उद्या भाडं द्यायचंय’ असं मागच्या उत्तरात असेल तर प्रश्न मिटला. पण मुलाखतीचे तुकडे करून वेगवेगळ्या रकान्यांत टाकले, की हा आधार आपणच तोडून टाकतो. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून करून घेणार असाल तर त्याला एकटं वाक्य देऊ नका, आधीची दोन-तीन उत्तरं आणि मुलाखतीची तारीख द्या.

मी आता इंग्रजी मजकुरात प्रत्येक ‘कल’पुढे चौकटी कंसात वार लिहितो. वरच्या वाक्यात ‘मंगळवार’ लिहायला गेलो की चूक तिथल्या तिथे दिसते. आणि जिथे वार ठरवताच येत नाही तिथे ‘कल’ तसाच ठेवून खाली टीप देतो, किंवा शक्य असेल तर त्या माणसाला फोन करतो. त्या मजुराला केला होता. ठेकेदार अजून आलेला नव्हता.