सव्वीस सोमवारांचं नियोजन

दर सोमवारी सकाळी क्लायंटना एक छोटी टीप पाठवायची, असं एकट्यानं प्रॅक्टिस करणारे अनेक सल्लागार ठरवतात. पहिले चार-पाच सोमवार छान जातात, मग एक सोमवार चुकतो, पुढचा राहून जातो आणि मालिका थांबते. विषय संपले म्हणून असं होतं, हा समज मला पटत नाही. विषय तर दिवसभर फोनवरून येतच असतात. मालिका मोडते कारण ती मोकळ्या आठवड्याचा अंदाज धरून आखलेली असते आणि तिची गाठ पडते ती कामानं गच्च भरलेल्या आठवड्याशी. म्हणून आखणी सगळ्यात वाईट आठवड्यापासून सुरू करायला हवी.

उदाहरणासाठी छोट्या शहरातला एक जीएसटी आणि आयकर सल्लागार घेऊ. ऑफिसात एकटाच, क्लायंट बहुतेक दुकानदार आणि छोटे कारखानदार. एप्रिल ते सप्टेंबर 2026 या सहा महिन्यांत 26 सोमवार येतात. त्यातले जड आठवडे आधीच ठाऊक आहेत. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3-बी, आणि जुलैमध्ये त्यावर आयकर विवरणपत्रांची गर्दी. कॅलेंडरवर आधी हे आठवडे लाल पेनानं खुणावायचे. त्या आठवड्यांत नवं काहीही लिहायचं नाही, आधी लिहून ठेवलेलंच पाठवायचं.

मग तारखेशी बांधलेल्या टिपा बसवायच्या. इथे वाराचा हिशेब नीट पाहावा लागतो. आगाऊ कराच्या पहिल्या हप्त्याची मुदत 15 जून, आणि 2026 मध्ये त्या दिवशी सोमवारच आहे. मुदतीच्या दिवशी सकाळी आठवण करून दिली तर दुकानदाराच्या हातात काय राहणार? त्याला नफ्याचा अंदाज काढायचा असतो, पैसे बाजूला ठेवायचे असतात. म्हणून ही टीप 8 जूनला गेली पाहिजे. 20 जुलैही सोमवार आहे, म्हणजे 3-बीची आठवण 13 जुलैला. महाराष्ट्रातल्या व्यवसाय कराचे 2500 रुपये 30 जूनपर्यंत भरायचे असतात, ती टीप 15 जूनच्या सोमवारी बसते. दुसऱ्या आगाऊ हप्त्याची तारीख 15 सप्टेंबर, मंगळवार. आदल्या दिवशी, 14 सप्टेंबरला, गणेश चतुर्थी आहे. त्या सकाळी कराची टीप कुणी उघडणार नाही, म्हणून ती 7 सप्टेंबरलाच पाठवायची. असे तारखेचे सोमवार सात-आठच निघतात. उरलेल्या अठराएक सोमवारांना कधीही चालतील असे विषय लागतात.

हे विषय कल्पनेतून शोधायला गेलं की टीप पुस्तकी होते. ते क्लायंटच्या प्रश्नांतूनच घ्यावेत. टेबलावर एक वही ठेवायची, फोन ठेवला की प्रश्न त्याच्याच शब्दांत एका ओळीत उतरवायचा. ‘पार्टीचं पेमेंट राहिलंय, क्रेडिट घेतलं तर चालेल का?’ असा प्रश्न महिनाभरात दोघा-तिघांनी विचारला की तो टीप होण्यालायक समजावा. क्लायंटचं नाव, गाव, धंदा काही येऊ द्यायचं नाही. छोट्या शहरात ‘एक हार्डवेअरवाले’ एवढं म्हटलं तरी माणूस ओळखू येतो.

त्या प्रश्नाची टीप अशी होईल:

‘माल घेतला, बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिटही घेतलं, पण पुरवठादाराचे पैसे द्यायचे राहिले? बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. नंतर पैसे दिले की क्रेडिट पुन्हा घेता येतं. या आठवड्यात एवढंच करा: पाच महिन्यांहून जुनी, न भागवलेली बिलं वेगळी काढा.’

एक प्रश्न, एक उत्तर आणि आठवडाभरात करता येईल असं एक काम. साचा ठरलेला असला की कुठून सुरुवात करावी, हा विचार उरत नाही. साठ-सत्तर शब्दांत काम होतं आणि मोबाइलवर फारसं खाली सरकवावं लागत नाही. पाच महिने असं मुद्दाम म्हटलं आहे, म्हणजे 180 दिवस भरायच्या आत दुकानदाराला हालचाल करता येते. अपवाद मात्र टिपेतच सांगावा. जूनच्या हप्त्याबद्दल लिहिताना, अनुमानित उत्पन्नाची योजना घेतलेल्या व्यापाऱ्याला सगळा आगाऊ कर 15 मार्चपर्यंत भरता येतो, हे वाक्य सुटलं तर दिवसभर तेच विचारणारे फोन येतील.

पहिली टीप पाठवण्यापूर्वी आठ टिपा तयार हव्यात. त्यातल्या चार राखीव. आजारपण, लग्नकार्य, पोर्टल बंद पडल्याने लांबलेलं काम, अशा वेळीच त्या काढायच्या आणि काढल्या की पुढच्या मोकळ्या आठवड्यात भरून ठेवायच्या. दर रविवारी रात्री एक लिहिण्यापेक्षा महिन्याच्या 23 ते 30 तारखेदरम्यान एक सकाळ काढून चार एकदम लिहिणं सोपं जातं. 3-बी उरकलेलं असतं आणि प्रश्नही ताजे असतात.

साठा करण्यात एक धोका आहे, आणि करक्षेत्रात तो मोठा आहे. लिहिलेली टीप शिळी होते. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक वस्तू 5 आणि 18 टक्क्यांवर आल्या. ऑगस्टमध्ये लिहून ठेवलेली दरांची टीप महिन्याभरात चुकीची ठरली असती. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने जुने कलम क्रमांकही कामाचे राहत नाहीत. म्हणून राखीव टिपांत दर आणि कलमं घालू नयेत, आणि पाठवण्याआधी शनिवारी प्रत्येक आकडा व तारीख सरकारी पोर्टलवर पुन्हा पाहावी. मुदती अनेकदा वाढतात, आणि जुनी तारीख पाठवणाऱ्या सल्लागारावरचा विश्वास एका सोमवारात कमी होतो.

पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट पुरते. पण एका लिस्टमध्ये 256 पर्यंतच नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. त्यामुळे ‘टीप आली नाही’ म्हणणाऱ्याला आधी नंबर सेव्ह करायला सांगावं.

मालिका ढासळू लागली की आधी कळतं. टीप लांबत जाते, कामाच्या मजकुराऐवजी सणाच्या शुभेच्छा जाऊ लागतात, राखीव साठा दोनवर येतो. अशा वेळी जोर लावून रेटण्यापेक्षा पुढचे दोन सोमवार जुन्या टिपांतल्या सर्वाधिक प्रश्न आणणाऱ्या टिपा, आकडे तपासून, पुन्हा पाठवाव्यात. किती जणांनी अंगठा दाखवला हे मोजण्यापेक्षा टीप वाचून किती जणांनी नेमका प्रश्न विचारला, हे वहीत लिहावं. पुढच्या टिपा त्यातूनच निघतात.

आणि शेवट आधीच जाहीर करावा. पहिल्याच सोमवारी सांगून टाका की ही मालिका 28 सप्टेंबरपर्यंत, सव्वीस टिपांची आहे. ऑक्टोबर लेखापरीक्षणाच्या आणि दिवाळीआधीच्या कामांना मोकळा ठेवा, नोव्हेंबरात वहीत पुरेसे प्रश्न जमले असतील तरच दुसरी मालिका सुरू करा, नाहीतर करू नका.